पासबुकात फॅट चार लागत होती तरी दर साडेतीस का पडत होता

मार्चच्या २९ तारखेला (२०२५) आमच्या मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ, वाकणं, जड उचलणं सगळं बंद सांगितलं. त्यामुळं डेअरीवर दूध घालायला जायचं काम माझ्याकडं आलं. धार काढणं मला नवीन नव्हतं, पण डेअरीचा हिशोब मी कधी बघितलाच नव्हता, ते सगळं मामाच बघायचे आणि घरी येऊन एवढंच सांगायचे की आज फॅट चार लागली. चार म्हणलं की घरात सगळे खूश. मीपण.

दोन संकरित एचएफ गायी आहेत आमच्या. सकाळी सहाला धार, संध्याकाळी साडेचारला, सकाळचं दूध अकरा लिटरच्या आसपास आणि संध्याकाळचं साडेआठ. सहकारी संस्था गावातच आहे, बिल दहा दिवसाला, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर.

११ ते २० एप्रिलचं बिल २५ तारखेला खात्यावर आलं, १,३७७ रुपये १५ पैसे. दहा दिवस दोन गायींमागं मरमर केल्यावर चौदाशेसुद्धा नाही. मला खरंच रडू आलं. मिस्टर बाहेरगावी नोकरीला असतात, त्यांना फोन केला तर म्हणाले अगं कपात झाली असेल, पासबुक बघ. पासबुक बघितलं तर नुसते आकडेच आकडे. त्या दिवसापासून पुढं दीड महिना मी ते पासबुक कसं वाचायला शिकले ते लिहितेय, कारण गावात विचारलं तेव्हा अर्ध्या लोकांना माझ्याएवढंच कळत होतं.

आमच्या पासबुकात एका पानावर दहा दिवस असतात, प्रत्येक दिवसाला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन ओळी. रकाने असे: लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातलं बाकीचं घट्ट, दर, रक्कम. खाली एकूण, आणि त्याच्याखाली कपातीचा चौकोन. त्या बिलात एकूण दूध १९४.५ लिटर आणि एकूण रक्कम ५,९४९.४० होती. म्हणजे दूध गेलं होतं सहा हजाराचं आणि हातात आले चौदाशे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न दोन आहेत, एक वरचा आणि एक खालचा, आणि दोन्ही वेगवेगळे सोडवायला लागणार.

मी खालून सुरुवात केली कारण ते सोपं वाटलं. कपात अशी होती: पशुखाद्य ३,३००, उचल १,०००, ठेव ९७.२५, कृत्रिम रेतन १५०, इतर २५.

उचलीचं मला माहीत होतं. जानेवारीअखेर मामांनी दहा हजार घेतले होते, गोठ्याच्या पत्र्यासाठी, दर बिलाला हजार कापायचे ठरलेलं. पण पासबुकात नुसतं ‘उचल १०००’ लिहिलेलं असतं, किती फिटले आणि किती राहिले ते नसतं. मी फेब्रुवारीपासूनची पानं उलटून हप्ते मोजले तर हा आठवा निघाला, म्हणजे दोन राहिले. ते मी पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. ज्यांची उचल चालू आहे त्यांनी हे नक्की करा, कारण हप्ता थांबायचा दिवस कुणी येऊन सांगत नाही.

ठेव म्हणजे लिटरला पन्नास पैसे, १९४.५ लिटरचे ९७.२५ बरोबर होतात. हे पैसे जात नाहीत, दिवाळीला दर फरकासोबत, म्हणजे संस्था दरावर वरून देते त्या पैशासोबत, परत मिळतात, म्हणून त्यांना खर्चात धरायचं नाही, पण बारा महिन्यांची बेरीज स्वतःकडं पाहिजे म्हणजे दिवाळीला मिळालेल्या रकमेत आपली ठेव किती आणि संस्थेनं दिलेला फरक किती हे वेगळं कळतं. आमच्या घरी आतापर्यंत दोन्ही मिळून ‘दिवाळीचा बोनस’ म्हणायचे. रेतनाचे १५० बरोबर, मोठ्या गायीला डॉक्टर येऊन गेले होते. इतर २५ हे नवीन पासबुकाचे.

राहिलं पशुखाद्य. ३,३०० म्हणजे गोळी पेंडीची दोन पोती, १,६५० ला एक. मी त्या दहा दिवसात एकच आणलं होतं, १२ तारखेला, आणि त्याची चिठ्ठी मसाल्याच्या डब्याखाली ठेवलेली सापडली. मामांना विचारलं, त्यांनीही कुणाला आणायला सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिलला सकाळी दूध घालून झाल्यावर सेक्रेटरींना म्हणलं, भाऊ, आमचं एकच पोतं असताना दोनाचे पैसे कापलेत. ते गर्दीत होते, म्हणाले वहिनी नऊ वाजता या, रजिस्टर काढतो. नऊला गेले. खाद्याच्या रजिस्टरमध्ये १४ तारखेला एक पोतं आमच्या कोड नंबरवर होतं, पण सही आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. आमचा कोड ८९. सही बघून सेक्रेटरीच म्हणाले ही तर ८१ वाल्यांची. रजिस्टर हातानं लिहितात, १ चं शेपूट जरा वळलं की ९ दिसतो, आणि कॉम्प्युटरवर घेताना पोरानं ८९ टाकलं होतं. कुणाची लबाडी नव्हती. पण चिठ्ठी नसती तर मी काय दाखवणार होते?

त्यांनी तोंडी सांगितलं की करून देतो, तरी मी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, तारीख, कोड, चिठ्ठी नंबर, रक्कम एवढंच, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘पोच’ म्हणून सही-शिक्का घेतला. झेरॉक्सचे चार रुपये गेले. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या कशाला एवढं, गावातलीच माणसं. पण २१ ते ३० एप्रिलचं बिल ५ मेला आलं त्यात ते पैसे नव्हते, कारण बिल आधीच वर गेलं होतं म्हणे, आणि मी पोच दाखवल्यावर १ ते १० मेच्या बिलात कपातीच्या चौकोनातच ‘खाद्य जमा १,६५०’ अशी ओळ आली. एकूण तीन आठवडे लागले. कागद नसता तर मला तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटली असती हे खरं.

आता वरचा प्रश्न. हा जास्त अवघड होता आणि खरे पैसे इथं जात होते.

१६ एप्रिल सकाळची ओळ घेते: १०.९ लिटर, फॅट ४.०, एसएनएफ ८.१, दर ३०.५०, रक्कम ३३२.४५. गुणाकार बरोबर आहे. पण गावात सगळे म्हणत होते की गायीच्या दुधाला यंदा तेहतीस दर आहे. मग फॅट चार लागून आम्हाला साडेतीस का?

यासाठी दरपत्रक लागतं. ते ऑफिसात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं, मोठा तक्ता, उभ्या बाजूला फॅट आणि आडव्या बाजूला एसएनएफ, मधे दर. फोटो काढू का विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले मीच पाठवतो, चार दिवसांनी मोबाईलवर आला. तुम्ही सरळ आपला फोटो काढा आणि तक्त्यावर वरती ‘या तारखेपासून लागू’ लिहिलेलं असतं तेही फोटोत घ्या, कारण दर बदलला की जुना तक्ता धरून हिशोब केला तर उगाच भांडण होतं.

तक्ता वाचायची रीत अशी. गायीच्या दुधाला पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, त्याला आमच्याकडं ३३ रुपये. तिथून दशांशातला एक आकडा सरकला की त्याला एक पॉइंट म्हणतात, ३.५ ची ३.६ झाली की एक पॉइंट वाढला. आमच्या तक्त्यात फॅटला वर-खाली दोन्हीकडं पॉइंटला ३० पैसे होते. एसएनएफ मात्र वर गेला तर ३० पैसे मिळतात आणि ८.५ च्या खाली गेला तर पॉइंटला एक रुपया कापतात. हे आकडे प्रत्येक संघाचे वेगळे असतात, तुमचा तक्ता तुम्ही बघा, पण वाढीचा पैसा आणि कपातीचा पैसा सारखा आहे की नाही हे आधी बघा.

आता १६ तारखेची सकाळ परत मांडते. फॅट ४.० म्हणजे पायाच्या वर पाच पॉइंट, दीड रुपया मिळाला. एसएनएफ ८.१ म्हणजे पायाच्या खाली चार पॉइंट, चार रुपये गेले. तेहतीस अधिक दीड वजा चार, साडेतीस. आम्ही सगळे त्या दीड रुपयाकडं बघत होतो आणि शेजारच्या रकान्यातून चार जात होते. पूर्ण बिलाचं काढलं तर ३३ च्या हिशोबानं सुमारे ४७० रुपये कमी आले होते, दहा दिवसात.

एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून राहिलेलं सगळं घट्ट: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. जुनी माणसं याला ‘डिग्री’ म्हणतात, डिग्री लागत नाही असं म्हणतात ते हेच, कारण पूर्वी फक्त लॅक्टोमीटर टाकून डिग्री बघायचे.

माझ्या मनात पहिला संशय मशीनचा आला, खोटं कशाला बोलू. आता सगळीकडं ते दूध तपासायचं मशीन असतं, नळी दुधात घातली की मिनिटभरात आकडे येतात. ते रोज नीट धुतलं नाही, दुधात फेस असला, किंवा गायीचं दूध म्हशीच्या सेटिंगवर लावलं तर आकडा चुकतो. आणि आपल्याकडूनही चुकतं, दूध किटलीत उभं राहिलं की साय वर येते, न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त आणि तळातून घेतला तर कमी. म्हणून मी २८ एप्रिलला सेक्रेटरींना विचारलं की मला एकदा दुसऱ्या पद्धतीनं तपासून मिळेल का. मला वाटलं रागावतील. पण ते म्हणाले मंगळवारी दुपारी टेस्टर असतो, सकाळचं अर्धा लिटर दूध गार ठेवून आणा.

२९ तारखेला नेलं. टेस्टरनं आधी दूध हलकं कोमट केलं, बाटली उलटसुलट करून साय मिसळून घेतली, मग मशीनला दोनदा लावलं: फॅट ४.०, एसएनएफ ८.१२, दोन्ही वेळा जवळपास तेच. मग गर्बर पद्धतीनं फॅट काढली. काचेच्या नळीत, ब्युटायरोमीटर म्हणतात तिला, १० मिली गंधकाचं आम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाईल अल्कोहोल, मग ते गरगर फिरवतात आणि गरम पाण्यात ठेवून वर जमलेला फॅटचा थर मोजतात. ३.९ आली. लॅक्टोमीटरची डिग्री तापमान धरून २८. त्यावरून एसएनएफ त्यांनी पाठीमागच्या कागदावर काढून दाखवला, मी जसाच्या तसा देते:

```
SNF = CLR/4 + 0.2 × Fat + 0.36
SNF = 28/4 + 0.2 × 3.9 + 0.36 = 8.14
```

यात CLR म्हणजे तापमानानुसार दुरुस्त केलेली डिग्री. शेवटचा ०.३६ हा आकडा लॅक्टोमीटरप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे बदलतो, तुमच्या डेअरीत कोणता धरतात ते विचारून घ्या, नाहीतर उत्तर जुळणार नाही. आमचं मशीन ८.१२ आणि हातानं ८.१४. मशीन बरोबर होतं.

टेस्टरनं पासबुकाची पानं चाळून एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यात उपयोगी पडली. म्हणाले ताई, फॅट आणि एसएनएफ वेगवेगळे वाचायचे नाहीत, जोडीनं वाचायचे. दोन्ही एकाच वेळी उतरले तर पाणी. त्यांनी १९ एप्रिल संध्याकाळची ओळ दाखवली, ४.१ आणि ७.९, आदल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ४.२ आणि ८.१ होते. मला लगेच आठवलं, त्या दिवशी किटली मुलानं धुतली होती आणि उपडी न ठेवता तशीच आणली, तळाला पाव लिटर तरी पाणी असणार. हिशोब केला तर त्या वेळचा दर ३१.१० वरून २८.८० वर आला होता, वीस रुपये गेले नुसत्या किटलीच्या पाण्यात. आता किटली आधी पाच मिनिटं उपडी असते.

फक्त फॅट उतरली आणि एसएनएफ जागेवर राहिला तर धार अर्धवट काढली किंवा शेवटच्या धारा वासराला सोडल्या असं असू शकतं, कारण सुरुवातीच्या धारांत फॅट कमी असते आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त. आणि आमच्यासारखं, फॅट चांगली वर आणि एसएनएफ खाली, असं रोज दिसलं तर ते म्हणाले गायी वेगवेगळ्या तपासा, एखादी गाय अंगातून देतेय.

अंगातून देतेय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

३० एप्रिलला दोन्ही गायींचं सकाळचं दूध वेगळ्या बाटल्यांत नेलं. मोठी गाय ३.६ आणि ८.५. धाकटी, जी ८ मार्चला व्यायली होती, तिचं ४.४ आणि ७.७. दोघी जवळजवळ सारखंच दूध देतात, म्हणून मिसळून ४.० आणि ८.१ होत होतं. म्हणजे आम्ही ज्या फॅटचं कौतुक करत होतो ती धाकटीची होती आणि बिल खाली ओढणारा एसएनएफही तिचाच. एकत्र किटलीत हे कधीच दिसलं नसतं. तपासणीचे पैसे संस्थेनं घेतले नाहीत, पण सकाळच्या घाईत ते करून देत नाहीत, गर्दी ओसरल्यावर जायचं.

२ मेला डॉक्टरांना बोलावलं, फी तीनशे. त्यांनी आधी दगडी, म्हणजे कासेचा आजार, आहे का बघितलं, चारी सडांच्या धारा एका ताटलीत घेऊन औषध टाकून फिरवलं, दूध कुठंच घट्ट झालं नाही म्हणजे दगडी नाही. मग लघवीला पट्टी लावली, तिचा रंग थोडा बदलला. मग मला धाकटीच्या बरगड्या आणि शेपटीजवळची हाडं दाखवली. मी रोज बघत होते पण रोज बघितल्यामुळंच मला ती वाळलेली दिसली नव्हती. डॉक्टर म्हणाले व्याल्यावर दूध भरभर वाढतं पण खाणं तेवढं वाढत नाही, त्यात एप्रिलचं ऊन, जनावर दुपारभर तोंड लावत नाही, मग ती अंगावरची चरबी वितळवून दूध देते. ती चरबी दुधात उतरते म्हणून फॅट वर दिसते, आणि पोटात ताकद कमी पडते म्हणून प्रथिनं कमी बनतात आणि एसएनएफ पडतो. असंच चालू राहिलं तर गाय किटोसिस नावाच्या आजारानं बसते.

मला खूप वाईट वाटलं. फॅट चार म्हणून घरात आनंद होत होता आणि ती बिचारी उपाशी राहून ते देत होती.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या हिशोबानं फॅट वाढली म्हणजे गाय चांगली, आणि त्यासाठी त्यांनी सरकी पेंड वाढवली होती. सरकी पेंड वाईट नाही, पण धाकटीला कमी पडत होती ती मक्यासारखी ताकद. डॉक्टरांनी मका भरडा चालू करायला सांगितला, पण एकदम नाही, दोनतीन दिवसाला थोडा थोडा वाढवत आणि दिवसातून तीन वेळा विभागून, कारण भरडा एकदम जास्त गेला तर पोट बिघडतं आणि मग फॅट खरोखर पडते. मुरघासाची मोठी पाटी पहाटे आणि रात्री टाकायची, दुपारी नाही. पाणी चोवीस तास समोर. पत्र्याखाली ओलं गोणपाट. औषध त्यांनी त्यांचं दिलं, ते मी इथं लिहीत नाही, प्रत्येक जनावराचं वेगळं असतं.

भरड्याचे दहा दिवसाला सुमारे सातशे रुपये जास्त गेले, हे लपवत नाही. १ ते १० मेच्या पानावर काहीच फरक नव्हता, एसएनएफ ८.१ चा ८.२ आणि परत ८.१. मी रोज संध्याकाळी पासबुकाचा फोटो काढायचे आणि निराश व्हायचे. ११ ते २० मध्ये ८.२, ८.३ दिसायला लागले. या बिलात उचलीचा हप्ता नव्हता, माझ्या पेन्सिलच्या हिशोबाप्रमाणं दहावा आधीच्या बिलात गेला होता, तोही बरोबर थांबला.

२१ ते ३१ मेच्या बिलात शेवटच्या चार सकाळी फॅट ३.७ आणि एसएनएफ ८.४ होता. तक्त्यावर दर ३२.६०. फॅट तीन पॉइंट उतरली आणि दर दोन रुपये दहा पैसे चढला. एकटीचं तपासलं तर धाकटी ३.८ आणि ८.३ वर आली होती. एकूण दूध २१४ लिटर आणि रक्कम ६,९९७.८०. इथं एक लक्षात ठेवा, महिन्याचं तिसरं बिल कधी दहा दिवसाचं, कधी अकरा आणि फेब्रुवारीत आठ-नऊ दिवसाचं असतं, म्हणून रकमेची तुलना करायची नाही, रक्कम भागिले लिटर करून सरासरी दर काढायचा. आमचा एप्रिलच्या बिलात ३०.५९ होता आणि या बिलात ३२.७० आला. त्यातलं सगळं भरड्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही, कारण त्या वर्षी मेअखेर पाऊस लवकर आला आणि उष्मा एकदम उतरला, दोन्ही गायी दुपारीसुद्धा खायला लागल्या. वाढीव भरड्याचा पैसा अजून जेमतेम निघतोय. पण धाकटीच्या बरगड्या भरल्यात.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. काटा किलोत दाखवतो आणि पासबुकात लिटर लिहितात, लिटर काढायला किलोला १.०३ नं भागतात कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं. ११.३ किलोचे १०.९७ लिटर होतात, पासबुकात १०.९ येतात. शेवटचा आकडा सोडून देतात. एसएनएफचंही तसंच, मशीनवर ८.१६ आला तरी तक्त्यावर ८.१ धरतात, आणि आमच्या तक्त्यात त्या एका पॉइंटला लिटरमागं रुपया आहे. सेक्रेटरी म्हणाले सॉफ्टवेअर सगळ्यांना असंच धरतं, माझ्या हातात नाही, आणि मला ते खरं वाटतं. लिटरमधला हिशोब केला तर दिवसातून दोन मापं, दहा दिवसात वीस, प्रत्येकात सरासरी अर्धा दशांश धरला तरी लिटरभर दूध होतं. एका घरामागं लिटरभर म्हणजे तीस-बत्तीस रुपये.

म्हणून लिटर आणि एसएनएफ दोन्हीला दशांशानंतरचे दोन आकडे धरावेत असा अर्ज मी आणि आमच्या गल्लीतल्या अकरा सभासदांनी सह्या करून ९ जूनला संस्थेत दिला, वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा म्हणून. मी स्वतः सभासद नाही, शेअर मामांच्या नावावर आहे, म्हणून पहिली सही त्यांची आहे, चष्मा लावून केलेली. पोच घेतलीय. सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावी लागते.